कागदाची मागची बाजू : जामीनदार कधी अडकतो, कधी सुटतो

‘दाजी, नुसती सही तर करायचीय.’ आमच्या लोणी काळभोरच्या बाजूला जामीनकीची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्यानं होते. नर्सरीवाल्याला शेडनेटसाठी पैसे हवे असतात, कुणाला टेम्पो घ्यायचा असतो, कुणाच्या घरात लग्न निघालेलं असतं. बँकेत फाइल अडते. मग जमीन विकून हाती रक्कम आलेला ओळखीतला माणूस गाठायचा, पाचशेचा नाहीतर शंभराचा स्टॅम्प पेपर आणायचा आणि धनको म्हणतो, ‘तुमच्यावर विश्वास आहे, पण एक जामीनदार द्या.’ मेहुण्याला नाही म्हणता येत नाही. सही होते. चहा होतो. कागद धनकोच्या कपाटात जातो आणि जामीनदार तो विसरून जातो.

वकिली करताना असे कागद घेऊन येणारी माणसं मी खूप बघितली. प्रत्येकाच्या तोंडी पहिले दोन प्रश्न ठरलेले. पैसे मी वापरलेच नाहीत, मग मी का द्यायचे? आणि आता या जामीनकीतून नाव कसं काढून घेऊ? पहिल्याचं उत्तर कटू आहे. दुसऱ्याचं उत्तर त्याहून कटू आहे, पण त्यातच सुटकेच्या वाटाही दडलेल्या आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत. कागद मात्र अशा धाटणीचेच असतात.

१ जून २०२१ रोजी मेहुण्यानं पाच लाख रुपये घेतले. व्याज वर्षाला बारा टक्के, म्हणजे महिन्याला पाच हजार. मुद्दल एकरकमी ३१ मे २०२२ ला परत करायचं. धनकोकडे तारण म्हणून मेहुण्याच्या बायकोच्या सोन्याच्या पाटल्या ठेवल्या, किंमत दीड लाख. तसा उल्लेख कागदात आहे. खाली दाजींची जामीनदार म्हणून सही : ‘ऋणकोने रक्कम न दिल्यास मी देईन.’ पुढं काय झालं ते दाजींना कुणी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या हातात वकिलाची नोटीस पडली. पाच लाख मुद्दल आणि डिसेंबर २०२२ पासून एकवीस महिन्यांचं व्याज, महिना साडेसात हजार दरानं १ लाख ५७ हजार ५००. एकूण ६ लाख ५७ हजार ५००.

पहिली गोष्ट. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या’ हे दाजींचं म्हणणं न्यायालयात टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की, कागदात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. तेवढीच, आणि त्याच वेळी. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयानं बँकेला अट घातली होती की आधी मूळ कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा, मगच जामीनदाराला हात लावा. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली ती अट काढून टाकली. धनकोनं आधी दुसऱ्याच्या मागे धावून दमायचं असेल, तर जामीन घेऊन त्याला मिळालं काय? त्यामुळं धनको दोघांवर एकत्र दावा लावू शकतो, किंवा ऋणकोला बाजूला ठेवून एकट्या दाजींवरही लावू शकतो. व्यवहारात हेच होतं. ज्याच्याकडे पगार आहे, सातबारा आहे, त्यालाच आधी धरलं जातं.

म्हणून सही करण्यापूर्वी कागदात एक ओळ घालून घ्यायला हवी होती : ‘ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळवून व त्याची अंमलबजावणी करून जी रक्कम वसूल होणार नाही, तेवढ्यापुरतीच जामीनदाराची जबाबदारी राहील.’ कलम १२८ मधला ‘वेगळं ठरलेलं नसेल तर’ हा भाग अशा ओळीसाठीच आहे. आणि जमलं तर दुसरी ओळ रकमेच्या मर्यादेची, ‘व्याज व खर्चासह जास्तीत जास्त अमुक लाख’. धनको कुरकुरेल. कुरकुरू द्या, सही तुमची आहे.

आता दुसरा प्रश्न. नोटीस आल्यावर, किंवा त्याआधी मेहुण्याची चाल बिघडलेली दिसल्यावर, बरेच जण धनकोला पत्र पाठवतात : ‘आजपासून मी जामीनदार नाही.’ नोटरी करतात, रजिस्टर पोस्टानं पाठवतात, पोचपावती जपून ठेवतात. एकरकमी दिलेल्या कर्जात या पत्राची किंमत शून्य आहे. जामीन मागे घेण्याची मुभा कलम १३० देतं, पण ती फक्त चालू जामिनाला, आणि तीही पुढच्या व्यवहारांपुरती. चालू जामीन म्हणजे, समजा, खताच्या दुकानात तुम्ही म्हणालात, ‘याला उधारीवर माल देत चला, दोन लाखांपर्यंत मी जबाबदार.’ इथं तुम्ही नोटीस दिली की त्या दिवसानंतरच्या मालाची जबाबदारी संपते. आधी उचललेल्या मालाची राहते. पण पाच लाख एकदाच हातात गेले, तिथं ‘पुढचा व्यवहार’ उरलाच नाही. मागे घ्यायला काही शिल्लकच नसतं.

मृत्यूचंही तसंच. चालू जामीनदार वारला तर पुढच्या उधारीपुरता जामीन संपतो. एकरकमी कर्जाचा जामीनदार वारला तर जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर बसते. वारसांच्या स्वतःच्या कमाईला धनको हात लावू शकत नाही, पण वडिलांच्या नावावरून वारसानं आलेल्या जमिनीला लावू शकतो.

म्हणजे जामीनदाराच्या मर्जीनं ही जामीनकी संपत नाही. ती संपते धनको आणि ऋणको त्याच्या पाठीमागे काय करतात त्यावरून. म्हणून नोटीस आल्यावर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी एक काम करायचं. मूळ कागदाची पूर्ण प्रत मागायची, दोन्ही बाजूंची. दाजींच्या वकिलानं ती मागितली. पुढच्या बाजूला तीन सह्या. मागच्या बाजूला, निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात चार ओळी : १० जून २०२२, मुदत ३१ मे २०२३ पर्यंत वाढवली, यापुढे व्याज दरमहा शेकडा दीड रुपया. खाली दोन सह्या. धनकोची आणि मेहुण्याची. तिसरी नाही.

त्या चार ओळींनी दाजी सुटतात. कलम १३५ म्हणतं की, जामीनदाराच्या संमतीशिवाय धनकोनं ऋणकोशी तडजोड केली, त्याला मुदत देण्याचं किंवा दावा न लावण्याचं वचन दिलं, तर जामीनदार मुक्त होतो. कारण समजून घेण्यासारखं आहे. मूळ मुदत संपली त्या दिवशी, ३१ मे २०२२ ला, दाजी पैसे भरून धनकोच्या जागी उभे राहू शकत होते आणि मेहुण्याकडून वसुली करू शकत होते. तेव्हा मेहुण्याची नर्सरी चालू होती. धनकोनं आपल्या हातानं एक वर्ष बांधून घेतलं आणि दाजींचा तो मार्गही त्या वर्षापुरता बंद केला. ज्या धोक्याला दाजींनी होकार दिला होता, त्याऐवजी दुसराच धोका त्यांच्या गळ्यात आला. वाढवलेल्या व्याजाची गोष्ट कलम १३३ मध्ये बसते : करारात जामीनदाराला न विचारता केलेला बदल.

मात्र इथं एक बारकावा आहे आणि निम्मे जामीनदार त्याच्यावरच घसरतात. मुदत दिली असं म्हणायला बंधनकारक करार लागतो. मेहुणा मे महिन्यात धनकोकडे गेला, म्हणाला, ‘अण्णा, जरा अडचण आहे,’ आणि अण्णा म्हणाले, ‘बघू, दिवाळीला दे,’ तर तो करार नव्हे. अण्णांना त्या बदल्यात काही मिळालं नाही, त्यामुळं दुसऱ्या दिवशी मन बदलून दावा लावायला ते मोकळेच होते. धनको नुसता गप्प बसला, दावा लावायला उशीर केला, तर जामीनदार सुटत नाही, असं कलम १३७ स्पष्ट सांगतं. आपल्या उदाहरणात बारा टक्क्यांचे अठरा झाले. ते जादा सहा टक्के म्हणजेच मुदतीचा मोबदला, आणि त्या मोबदल्यानंच वचन बंधनकारक झालं. धनकोनं जास्त व्याजाचा लोभ केला नसता तर दाजी अडकले असते, असं म्हणायला हरकत नाही.

हा करार तोंडीही होऊ शकतो, पण तो सिद्ध करायची जबाबदारी जामीनदारावर येते. त्या वेळी कामाला येतात ते बँकेचे उतारे. जून २०२२ पर्यंत दरमहा पाच हजार जात होते आणि जुलैपासून साडेसात हजार जायला लागले, तर अडीच हजारांचा तो फरक तुमच्या बाजूनं बोलतो. व्हॉट्सअॅपवरचे निरोपही पुरावा होतात. मेहुण्याशी भांडण व्हायच्या आत ते त्याच्याकडून मागून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही, हा अनुभव आहे.

धनकोचा वकील यावर एक पान पुढं करू शकतो. तयार छापील जामीनपत्रात, विशेषतः वित्त कंपन्यांच्या, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की, ‘ऋणकोस मुदतवाढ दिल्यास, व्याजदर वा अटी बदलल्यास, तारण सोडल्यास जामीनदाराची हरकत राहणार नाही, करार कायद्याने जामीनदारास मिळणारे हक्क तो सोडून देत आहे.’ अशी कलमं न्यायालयं साधारणपणे मान्य करतात. चालू जामीन मागे घेण्याचा हक्क करारानं सोडून देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात २००८ साली म्हटलं आहे. खासगी हातच्या कागदात हे कलम सहसा नसतं, कारण तो कागद कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं जुन्या नमुन्यावरून उतरवलेला असतो. त्याच्या अर्धवटपणाचा फायदा जामीनदाराला होतो.

आता समजा, मागच्या बाजूला काही लिहिलेलंच नाही. धनको नुसता थांबला, मेहुणा नोव्हेंबर २०२२ पर्यंत पाच हजार देत राहिला आणि मग बंद पडला. दाजींवर जबाबदारी आली. ऑगस्ट २०२४ चा हिशोब असा : पाच लाख मुद्दल, एकवीस महिन्यांचे एक लाख पाच हजार, एकूण ६ लाख ५ हजार. पण त्या पाटल्या कुठं आहेत? चौकशीत कळलं की फेब्रुवारी २०२३ मध्ये मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला धनकोनं त्या मोठ्या मनानं परत दिल्या. माणुसकी म्हणून ठीक, पण कलम १४१ प्रमाणं जामीनकीचा करार होतेवेळी धनकोकडे जे तारण होतं त्याच्यावर जामीनदाराचा हक्क असतो, त्याला ते तारण माहीत असो वा नसो. धनकोनं जामीनदाराच्या संमतीशिवाय ते हातातून जाऊ दिलं तर तारणाच्या किमतीइतका जामीनदार सुटतो. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या १९६८ च्या निकालात गहाण मालात तूट आढळली आणि तेवढ्या रकमेपुरता जामीनदार मोकळा झाला. दाजींचे दीड लाख वजा होऊन ४ लाख ५५ हजार उरतात. हे पाटल्यांचं प्रकरण बायकांच्या बोलण्यातून बाहेर येतं, वकिलाच्या नोटिशीत कधीच येत नाही. घरात विचारा.

तिसरा धागा मुदतीचा. दावा लावायला तीन वर्षं असतात. ३१ मे २०२२ ला पैसे चुकले तर दाजींवरचा दावा ३१ मे २०२५ पर्यंत दाखल व्हायला हवा. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतो. नोटीस पाठवल्यानं घड्याळ थांबत नाही, दावा दाखल झाल्यानंच थांबतं. मधल्या काळात मेहुण्यानं व्याज भरलं, सहीनिशी तशी नोंद केली, तर त्याच्यापुरती तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. दाजींपुरती होतात का? या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाचा विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा निकाल आहे, गोपाळ दाजी साठे विरुद्ध गोपाळ बिन सोनू बाईत. ऋणकोनं भरलेल्या व्याजामुळं जामीनदाराविरुद्धची मुदत वाढत नाही, असं त्यात ठरलं. त्यातही एक दाजी यावेत, हा योगायोगच.

पण त्याच न्यायालयाचा दुसरा, १८८३ चा निकालही लक्षात ठेवा, संकणा कलणा विरुद्ध विरूपाक्षप्पा. तिथं उलट परिस्थिती होती : ऋणकोविरुद्धची मुदत धनकोनं घालवली होती आणि जामीनदार म्हणत होता की आता मीही सुटलो. न्यायालयानं ते मानलं नाही. नुसतं दावा न लावणं म्हणजे ऋणकोला मुक्त करणं नव्हे. अलाहाबादचं उच्च न्यायालय याच्या विरुद्ध मताचं होतं. पुढं १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं मुंबईच्या बाजूचं मत उचलून धरलं. म्हणजे दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. तुमचं घड्याळ कुठं आहे ते बघा, मेहुण्याचं नव्हे.

आणि ते घड्याळ कधी सुरू झालं, हे कागदातल्या दोन शब्दांवर ठरू शकतं : ‘मागणी केल्यास’. ‘धनकोने लेखी मागणी केल्यास जामीनदार रक्कम देईल’ असं लिहिलेलं असेल तर, ऋणकोविरुद्धचा हक्क मागणीच्या दिवशी जिवंत असेल तोवर, तीन वर्षं जामीनदाराकडे मागणी होऊन ती नाकारल्यापासून मोजतात. सिंडिकेट बँक विरुद्ध चन्नवीरप्पा बेलेरी या २००६ च्या निकालाचा हा अर्थ आहे. दाजींच्या कागदात ते शब्द नाहीत, म्हणून त्यांचं गणित सोपं झालं.

मुदत उलटली असेल किंवा उलटत आली असेल, तर धनको भला माणूस होऊन घरी येतो. ‘सगळे नकोत, सध्या दहा हजार द्या आणि इथं सही करा.’ ही सही करू नका. मुदतीच्या आत केलेली लेखी कबुली तुमच्याविरुद्ध नवी तीन वर्षं सुरू करते. मुदत संपल्यावर दिलेलं लेखी वचनसुद्धा करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणं मेलेलं कर्ज उठवून बसवतं.

कोरा चेक हा तर वेगळाच सापळा. जामीनदाराकडून सहीचा चेक घेऊन ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ‘तो नुसता जामिनापोटी दिला होता’ हा बचाव फौजदारी प्रकरणात पुरत नाही. जामीनदारानं दिलेला चेक न वटल्यासही परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये आयसीडीएस विरुद्ध बीना शबीर या प्रकरणात सांगितलं. चेक परत आल्याची माहिती धनकोला मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याची नोटीस येते. नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवस तुमच्याकडे असतात. त्या पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या : चेक कधी दिला, कोरा होता का, तारण परत गेलं का, मुदत वाढवली का. चेक ज्या कर्जापोटी वटवायला टाकला ते कर्ज त्या दिवशी तुमच्याकडून कायद्यानं वसूल होण्यासारखं होतं का, हाच तिथं मुद्दा असतो, आणि वरच्या सगळ्या गोष्टी त्याच मुद्द्यावर जातात. उत्तर न देणारा माणूस नंतर काहीही म्हणाला तरी ‘मग तेव्हा का नाही बोललात’ हा प्रश्न त्याला सोडत नाही.

दिवाणी दावाही घाईचा असू शकतो. लेखी जामिनावर ठरावीक रकमेची मागणी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची. त्यानंतर निकालासाठीचं समन्स येतं आणि पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. पहिले दहा दिवस चुकले तर धनकोचं म्हणणं मान्य धरून हुकूमनामा होऊ शकतो. आमच्याकडची माणसं समन्स घेऊन आधी मेहुण्याकडे जातात, मग गावातल्या पुढाऱ्याकडे, आणि अकराव्या दिवशी शिवाजीनगरच्या कोर्टात. समन्सच्या डोक्यावर ‘आदेश ३७’ दिसलं तर सरळ शिवाजीनगर गाठा.

धनको कोण आहे, तेही बघायचं. एकदोन ओळखीच्यांना पैसे देणारा माणूस सावकार ठरत नाही. पण व्याजानं पैसे देणं हाच ज्याचा धंदा आहे आणि ज्याच्याकडे कर्ज देतेवेळी परवाना नव्हता, त्याच्या बाजूनं हुकूमनामा द्यायचा नाही, असं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ सांगतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हाही आहे. ऋणकोवर दावा चालत नसेल तर जामीनदाराचाही तोच बचाव. त्याच माणसानं गावात आणखी किती जणांना व्याजानं पैसे दिलेत, याची माहिती गोळा करणं इथं उपयोगी पडतं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र रस्ताच निराळा. तिथं दिवाणी दावा नसतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो आणि त्याविरुद्ध वर जायचं तर आधी येणं रकमेच्या निम्मे भरावे लागतात. पतसंस्थेच्या जामीनदारांनी हा लेख त्या हिशोबानं वाचावा.

सही कधी झाली, हाही एक प्रश्न विचारून ठेवा. पैसे देऊन झाले, महिन्यानं धनकोला शंका आली आणि त्यानं जामीनदार आणायला लावला, असं बऱ्याचदा होतं. जामीनदाराला स्वतःला काही मिळावं लागत नाही; ऋणकोसाठी काहीतरी केलं जाणं पुरतं. पण त्या सहीच्या बदल्यात ऋणकोलाही नव्यानं काहीच मिळालं नसेल, ना पैसे, ना मुदत, तर असा जामीन मोबदल्याअभावी रद्द ठरू शकतो. कलम १२७ खालचं शेवटचं उदाहरण नेमकं हेच आहे. स्टॅम्प पेपर विकत घेतल्याची तारीख, कर्ज बँकेतून गेल्याची तारीख आणि जामीनदाराच्या सहीची तारीख, या तिन्ही शेजारी शेजारी मांडून बघा.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि हुकूमनामा झाला, तर सगळंच जातं असं नाही. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, शेतीपुरती जनावरं जप्तीतून वगळलेली आहेत, जमीन नाही. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. एकतीस हजार पगार असेल तर महिन्याला दहा हजारच कापता येतात, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी चोवीस महिने कापून झाले की पुढं नाही.

पैसे भरायचेच ठरले तर रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यातून धनकोच्या खात्यात पाठवा आणि पावतीवर लिहून घ्या : ‘जामीनदार या नात्याने, अमुक कर्जापोटी.’ मूळ कागद, उरलेलं तारण, कोरा चेक त्याच दिवशी ताब्यात घ्या. पूर्ण रक्कम भरली की तुम्ही धनकोच्या जागी येता; मेहुण्याकडून सगळी रक्कम मागू शकता, आणि दुसरा जामीनदार असेल तर त्याच्याकडून त्याचा वाटा. मेहुण्यावर दावा लावायलाही तीन वर्षंच आहेत, आणि ती तुम्ही पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजतात.